बधिर तळव्याची जखम मलमाने का भरत नाही, आणि तिच्यावरचं वजन कसं काढायचं

मी पायासाठी इनसोल, स्प्लिंट आणि खास चपला-बूट बनवायचं काम करते, मुंबईतच, आणि प्लास्टर घालताना सर्जनच्या हाताखाली बरीच वर्षं उभी राहिलेय. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं एकच वाक्य बोलतात, "ताई, पाच महिने रोज ड्रेसिंग करतोय, शुगर पण आता बरी आहे, तरी भरत नाही." मग मी विचारते की चालता का? तर म्हणतात, हो चालतो ना, दुखत नाही काहीच.

तिथेच सगळं अडकलंय. दुखत नाही म्हणून चालतो आणि चालतो म्हणून भरत नाही.

तुमच्या-माझ्या पायाला चवड्याखाली खडा टोचला तर आपण दोन पावलांत लंगडतो, वजन बाजूला टाकतो, हे डोक्याने ठरवून नाही तर आपोआप होतं. डायबिटीसमध्ये नाहीतर कुष्ठरोगात नसा गेल्या की हे लंगडणं संपतं, माणूस त्याच जागेवर दिवसाला हजारो वेळा पूर्ण वजन टाकत राहतो. आधी तिथे घट्टा येतो. घट्टा म्हणजे कातडीने स्वतःला वाचवायला जाड केलेला थर, पण तो इतका कडक होतो की खालच्या मऊ मांसाला तोच खड्यासारखा दाबायला लागतो. मग आत रक्त साकळतं, घट्ट्यात काळपट-जांभळा डाग दिसतो, आणि एक दिवस तो फुटतो. लोक म्हणतात अचानक जखम झाली. अचानक काही नसतं, तो काळा डाग बहुतेकदा आधीपासून तिथे असतो.

उदाहरण म्हणून एक काका घेते, वय ५४, रात्रीचे वॉचमन, लालबागकडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, डायबिटीस १६ वर्षांचा. उजव्या पायाच्या अंगठ्यामागे जो उंचवटा असतो ना, चवड्याचा, बरोबर त्याच्याखाली जखम. ही नेहमीच्या जागांपैकी एक, कारण पाऊल उचलताना शेवटचा जोर तिथेच येतो.

प्लास्टर किंवा बूट देण्याआधी काय बघायचं

घाईघाईत वजन काढायच्या मागे लागू नका, आधी दोन गोष्टी डॉक्टरकडून बघून घ्यायच्याच. एक, पायात रक्त पोचतंय का. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते, ती लागली नाही तर डॉप्लर करायला सांगतात. रक्तपुरवठाच नसेल तर नुसतं वजन काढून जखम भरणार नाही आणि अशा पायावर बंद प्लास्टर घालणं धोक्याचं. दुसरं, इन्फेक्शन. पू, घाण वास, लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या पुढे पसरलेली, पाय गरम आणि सुजलेला, थंडी-ताप, नाहीतर कारण नसताना शुगर एकदम वर गेली, यातलं काही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, हा लेख नंतर वाचा. डॉक्टर स्टीलची बोथट सळई जखमेत घालून बघतात की तळाशी हाड कडक लागतंय का. लागलं तर हाडात इन्फेक्शन असण्याची शक्यता बरीच असते, मग एक्स-रे आणि पुढचं सगळं.

काकांची नाडी छान लागत होती, हाड लागलं नाही. मग सर्जननी ब्लेडने भोवतीचा घट्टा तासून काढला. इथे घरचे नेहमी घाबरतात कारण चार आण्याएवढी दिसणारी जखम तासल्यावर मोठी होते, काकांची २२ बाय १८ मिलिमीटर निघाली. डॉक्टरनी जखम वाढवली असं वाटतं, पण ती आधीपासून तेवढीच होती, घट्ट्याच्या खाली लपलेली. हा कडेचा घट्टा काढल्याशिवाय कुठलंही प्लास्टर, कुठलीही चप्पल नीट काम करत नाही, कारण दाब तोच घट्टा देत असतो. हे घरी ब्लेडने करायचं नाही, आणि मेडिकलमध्ये मिळणारी कुरुपाची पट्टी तर अजिबात लावायची नाही, तिच्यात ॲसिड असतं आणि बधिर पायाला ते कधी खोल गेलं ते कळत नाही.

अजून एक नेहमीची चूक सांगून टाकते. फोमची किंवा कापसाची मेदूवड्यासारखी गोल रिंग करून जखम मधल्या भोकात ठेवतात. ऐकायला बरोबर वाटतं, पण रिंगची कडा चारही बाजूने दाबते, मधलं मांस भोकात लोंबतं आणि कडेला रक्त अडतं. फेल्ट, म्हणजे दाबून बनवलेलं लोकरीचं जाड कापड, लावायचंच असेल तर घोड्याच्या नालेसारखं, पुढे बोटांच्या बाजूला उघडं असलेलं, आणि तेही चिकटवून नीट बसवणाऱ्याकडून.

काढता येणारा बूट का फसतो

काकांना आधी एका ठिकाणाहून चांगला वॉकर बूट मिळाला होता, गुडघ्याखालपर्यंतचा, वेल्क्रोवाला. बूट बरोबर होता. पाच महिने जखम तशीच. मी काकूंना विचारलं, "घरात घालतात का?" काकू म्हणाल्या, "घरात कसा घालतील, दारातच काढून ठेवतात ना, समोर देव्हारा आहे."

आता हिशोब करा. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, जायला ३० पावलं, यायला ३०. दिवसा घरी असताना आणि सुट्टीच्या रात्री मिळून पाच फेऱ्या धरा, म्हणजे ३०० पावलं, त्यातली १५० उजव्या पायावर. वर मोरीपर्यंत, स्टोव्हपर्यंत, गॅलरीत पेपर वाचायला. दिवसाला तीन-चारशे वेळा उघड्या जखमेवर पूर्ण वजन, आणि हे सगळं असं की ज्याला कोणी "चालणं" म्हणतच नाही. रस्त्यावर मात्र बूट व्यवस्थित.

आणि हा काय काकांचा एकट्याचा हट्ट नाही. २००३ मध्ये अमेरिकेत २० रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, कमरेला एक मोजणी यंत्र आणि बुटाच्या आत लपवलेलं दुसरं, तर दिवसभराच्या पावलांपैकी फक्त २८ टक्के पावलं बूट घालून टाकलेली निघाली. तिथे तर घरात चपला घालून फिरतात! म्हणून आता जगभरातल्या मधुमेही पायांच्या मार्गदर्शक सूचना चवड्याखालच्या साध्या जखमेला पहिली पसंती देतात ती गुडघ्याखालपर्यंतच्या, रुग्णाला काढता न येणाऱ्या साधनाला.

त्याचे दोन प्रकार. एक टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर. दुसरा सोपा, तोच वेल्क्रोचा वॉकर बूट घालायचा आणि वरून फायबरग्लासची पट्टी एक-दोन वेढे गुंडाळून बंद करून टाकायचा. प्लास्टर घालणारा तरबेज माणूस जवळ नसेल तर दुसरा चांगला, फायदा जवळपास तोच. काकांचा घोटा बराच सुजलेला होता, बूट नीट बसत नव्हता, म्हणून प्लास्टर ठरलं.

प्लास्टर कसं घालतात

हे प्लास्टर हाड मोडल्यावर घालतात त्यासारखं नसतं. त्यात आत कापूस भरपूर असतो आणि दोन दिवसांत कापूस दबून पाय आत हलायला लागतो. इथे कापूस कमीत कमी. जखमेवर पातळ ड्रेसिंग, बोटांच्या मध्ये थोडा कापूस नाहीतर घाम साचतो, वर मऊ मोजा, नडगीच्या हाडावर आणि दोन्ही घोट्यांवर फेल्टच्या पट्ट्या, बोटांवरून फोम दुमडून घेतलेला. मग पेशंटला पालथं झोपवून गुडघा वाकवायचा, घोटा काटकोनात, आणि ओलं प्लास्टर तळव्याच्या कमानीत, टाचेभोवती, पोटरीवर हाताच्या पंजाने चोळून बसवायचं. बोटाच्या टोकाने दाबलं तर आत खळगा पडतो आणि तिथेच नवी जखम होते, म्हणून पंजा. वर फायबरग्लास, खाली सपाट तळ आणि चालायला रबराचा तुकडा.

हे काम करतं ते असं की एरवी जो दाब नाण्याएवढ्या जागेवर येत होता तो पूर्ण तळव्यावर पसरतो, आणि पोटरी खाली निमुळती असल्यामुळे शंकूसारखी प्लास्टरमध्ये अडकते, साधारण तीस टक्क्यांच्या आसपास वजन प्लास्टरच्या भिंतीवर जातं. शिवाय घोटा वाकत नाही त्यामुळे चवड्यावर जोर देऊन पाऊल उचलताच येत नाही. पावलं आपोआप छोटी पडतात.

मजा म्हणजे ही पद्धत डायबिटीससाठी निघालेलीच नाही. कुष्ठरोगाच्या पायांवर भारत आणि श्रीलंकेत ती आधी वापरली गेली, वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ती अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला नेली आणि तिथून ती डायबिटीसवाल्यांकडे आली. आपल्या वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय तर १८९० पासूनचं. म्हणजे या शहरात बधिर पाय सांभाळायचं ज्ञान जुनं आहे, फक्त शुगरच्या पेशंटला ते कोणी सांगत नाही.

प्लास्टर घातल्यावरचे आठवडे

पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत बदलायचं, फार तर आठवड्यात. कारण पाय उतरतो, सूज गेली की प्लास्टर सैल होतं, पाय आत वरखाली घासतो. काकांचं तिसऱ्या दिवशी काढलं तर आत बोट सहज जात होतं. पुढे आठवड्याला एक. पहिले दोन दिवस जमेल तेवढा पाय वर, आणि अख्ख्या काळात चालणं अर्ध्यावर. प्लास्टर आहे म्हणून गणपतीच्या रांगेत चार तास उभं राहायचा परवाना नाही मिळाला.

दुसरा पाय विसरू नका. प्लास्टरचा पाय दीड-दोन सेंटिमीटर उंच होतो, माणूस वाकडा चालतो, कंबर धरते आणि सगळा भार दुसऱ्या बधिर पायावर. दुसऱ्या चपलेला तेवढाच तळ वाढवून घ्यायचा आणि तो तळवा रोज रात्री बघायचा. हातात काठी. आंघोळ स्टुलावर बसून, पाय बादलीवर बाहेर काढून. उजवा पाय असेल तर गाडी, स्कूटर बंद. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आणि तोही गर्दीच्या वेळा सोडून, कारण बधिर पाय आणि कडक प्लास्टर घेऊन चालत्या गाडीला लटकणं म्हणजे पडणारच.

देव्हाऱ्याचं काय केलं विचाराल तर, काकू हुशार निघाल्या, प्लास्टरच्या तळाला घरात शिरताना धुतलेल्या कापडाची पिशवी चढवायची आणि बाहेर पडताना काढायची. मला आधी हे सुचलं नव्हतं, आता सगळ्यांना सांगते.

काय झालं की रात्रीसुद्धा फोन करायचा ते घरच्यांना लिहून द्या. प्लास्टरवर बाहेरून ओला डाग आला. वास आला. ताप किंवा थंडी. शुगर उगाच वाढली. जांघेत गाठ दुखायला लागली. बोटं निळी-काळी किंवा एकदम गार. प्लास्टर तडकलं, ओलं झालं, सैल झालं. पेशंटला दुखणार नाही, म्हणून दुखतंय का विचारून काही उपयोग नाही, नाक आणि डोळे वापरा.

जखम मोजायची प्रत्येक वेळी, घट्टा तासल्यावर, लांबी आणि रुंदी, आणि वहीत लिहायची. फोटो फसवतात. काकांची दुसऱ्या आठवड्याला १७ बाय १४, चौथ्याला १३ बाय १०. लांबी गुणिले रुंदी केलं तर ३९६ वरून १३० वर आली. चार आठवड्यांत निम्म्याच्या खाली गेली पाहिजे असा अंदाज धरतात, नाही गेली तर रक्तपुरवठा, हाडातलं इन्फेक्शन किंवा वजन कुठून तरी पडतंय, यापैकी काहीतरी शोधायचं.

पाचव्या आठवड्याला १३ बाय ११. वाढली. काका म्हणाले मी काहीच नाही केलं. जुलै होता. प्लास्टर कापून उलटं केलं तर चवड्याखालचा भाग भिजून लिबलिबीत, आत बशीसारखा खळगा. ड्युटीवरून येताना पाणी भरलं होतं, प्लास्टिकची पिशवी बांधली होती पण खालून फाटली. तळच मऊ पडला की वजन परत जखमेवर, प्लास्टर असून नसल्यासारखं. आम्ही नवीन घातलं, तळाला फायबरग्लासचे जास्त थर दिले, आणि सुपरवायझरला डॉक्टरची चिठ्ठी देऊन काकांना तीन आठवडे खुर्चीची ड्युटी मिळाली. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरायचंच नाही, उघड्या जखमेतून लेप्टोसुद्धा होतो. नवव्या आठवड्यात जखम बंद झाली.

प्रत्येकाचं भरतंच असं नाही हेही सांगते. पोटरीची शीर, म्हणजे रक्ताची नाही तर पोटरी टाचेला जोडणारी कंडरा, आखडलेली असते, घोटा वर वाकतच नाही, अशा पायात चवड्यावर जोर येतच राहतो आणि तेव्हा सर्जन ती कंडरा थोडी लांबवायचं ऑपरेशन सुचवतात. वाकड्या बोटाच्या टोकाला जखम असेल तर बोटाखालची कंडरा सुईएवढ्या छेदातून कापतात, बोट सरळ होतं आणि जखम पटकन भरते. बोटांच्या जखमेत हे लवकर विचारा.

भरल्यानंतरची चप्पल

जखम बंद झाली म्हणजे कातडी कांद्याच्या सालीएवढी पातळ झालीय. भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात परत उघडतात, आणि माझ्या बघण्यात यातल्या खूपशा पहिल्या दोन महिन्यांतल्या, जुनी चप्पल परत घातल्यामुळे. काकांना आम्ही तीन आठवडे वॉकर बूटच ठेवला, तोवर इकडे चपला तयार. चपलेचं माप जखम भरत आलेली असतानाच घ्यायचं, भरल्यावर नाही, नाहीतर मधले पंधरा दिवस माणूस उघडा पडतो.

चपलेत मऊपणा आणि कडकपणा दोन्ही लागतात आणि इथे लोकांचा गोंधळ होतो. पायाला लागणारा थर मऊ, एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांचं रबर, १० ते १२ मिलिमीटर. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबलं की साधारण अर्ध्यावर यायला हवं आणि सोडल्यावर लगेच परत वर. दबूनच राहिलं तर भिकार माल, दबलंच नाही तर ते साधं रबर. त्याच्या खाली मात्र तळ कडक, दोन हातांनी वाकवला तरी न वाकणारा, आणि पुढून होडीसारखा वर उचललेला, म्हणजे पाय वाकण्याऐवजी चप्पलच पुढे लोळते. होडीची ती वळणाची रेघ चवड्याच्या उंचवट्याच्या जरा मागे पाहिजे. पुढे गेली तर काही उपयोग नाही, आणि बाजारातल्या "डायबेटिक" लिहिलेल्या बऱ्याच मऊमऊ चपला याच कारणाने नापास, हातात घडी होतात.

इनसोलवर उंचवट्याच्या मागे, साधारण ५ ते १० मिलिमीटर मागे, एक पॅड बसवतो, तो वजन उचलून हाडाच्या मागे घेतो. उंचवट्याच्या खालीच बसला तर उलट जखम करेल. म्हणून मी लिपस्टिकने पायावर उंचवट्याची खूण करते, पेशंटला इनसोलवर उभं करते, छाप पडतो, मग पॅड. हसतात काका लोक.

अंगठ्याची पकड असलेली चप्पल नको, बधिर पाय ती धरायला बोटं वाकडी करतो आणि निसटली तरी कळत नाही. मागे पट्टा हवाच, वर वेल्क्रो. खिळा एकही नाही, सगळं चिकटवलेलं किंवा शिवलेलं, आणि दुरुस्तीला दिली तर समोर बसून सांगा की खिळा मारू नका, हा मोठा धोका आहे. सगळ्यात लांब बोटापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा, माप संध्याकाळी, पाय सुजलेला असताना. पायाचा आकारच बदललेला असेल तर तयार चप्पल चालणार नाही, साचा घेऊन बनवावी लागते, हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा संस्थेसारख्या सरकारी ठिकाणी असं काम होतं.

दोन जोड करा, एक बाहेरचा आणि एक फक्त घरातला, ज्याने कधी रस्ता बघितला नाही. पहिल्या दिवशी एक तास घालायचा, काढून तळवा बघायचा, लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर परत माझ्याकडे. रोज तासभर वाढवायचं. घरी कपाळाला लावायचा थर्मामीटर असतो ना बंदुकीसारखा, त्याने दोन्ही तळव्यांची सारखीच जागा मोजा. एक पाय दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसने गरम, आणि सलग दोन दिवस, तर आत काहीतरी शिजतंय, चालणं कमी करा आणि दाखवा. चप्पल घालताना आत हात घालून झटकायची, एकदा एका मावशींच्या बुटात नातवाच्या खेळण्याचं चाक दिवसभर होतं.

एमसीआर कायम टिकत नाही. आपल्या दमट हवेत आणि रोजच्या चालण्यात चार ते सहा महिन्यांत चवड्याखाली चपटा होतो. काकांच्या चपलेच्या तळाला मी मार्करने तारीख लिहून दिलीय, आणि काकू दर पहिल्या तारखेला रेशनच्या यादीबरोबर अंगठ्याने तो भाग दाबून बघतात.